सरासरी ८१, तरीही ‘अद्याप सक्षम नाही’ : कौशल्य प्रशिक्षणातील निर्णय कसा घेतला जातो

बंगळुरू : व्यवसाय प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणाची कार्यसंचिका उत्तम आहे, लेखी चाचणीत त्याला ८२ टक्के गुण आहेत आणि प्रात्यक्षिकातही तो ७८ गुण मिळवतो. तिन्हींची सरासरी ८१च्या घरात जाते. शाळेच्या हिशेबाने हा विशेष प्राविण्याचा विद्यार्थी ठरेल. कौशल्य मूल्यमापनाच्या हिशेबाने मात्र याच तरुणाच्या नावापुढे ‘अद्याप सक्षम नाही’ असा शेरा येऊ शकतो आणि तो योग्यही असू शकतो. हे कसे घडते आणि तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पुराव्यांतून एकच निर्णय कसा काढावा, हा प्रश्न औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील (आयटीआय) शिल्पनिदेशकांपुढे दर सत्रात उभा राहतो.

बंगळुरू हे या प्रश्नाचे ठळक ठिकाण आहे. शहरात शासकीय व खासगी आयटीआय आहेत, शिल्पनिदेशक घडवणारी राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, आणि बिडदी येथील टोयोटाच्या तांत्रिक प्रशिक्षण संस्थेसारखी उद्योगांनी चालवलेली केंद्रेही आहेत. उत्तर कर्नाटकातील तरुण येथे मोठ्या संख्येने येतात. त्यांत निपाणी, बेळगाव, खानापूर या भागांतील मराठी घरांतली मुलेही असतात. दोन वर्षांचा वीजतंत्री अभ्यासक्रम हा त्यांच्या परिचयाचा. म्हणून या लेखातील उदाहरण त्याच व्यवसायातले घेतले आहे. उदाहरणातील प्रशिक्षणार्थी काल्पनिक असून त्याला सोयीसाठी सागर असे नाव दिले आहे.

नियम काय सांगतात

केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत मूल्यमापनाचे दोन भाग आहेत. पहिला भाग प्रशिक्षणकाळात सतत चालतो. त्याला घडणमूल्यमापन म्हणता येईल. दुसरा भाग म्हणजे अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा, जी उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. प्रात्यक्षिक आणि घडणमूल्यमापन यांत उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के, तर इतर विषयांत किमान ३३ टक्के गुण लागतात.

याच अभ्यासक्रमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. संस्थेने प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याची स्वतंत्र संचिका ठेवावी आणि अंतिम परीक्षेतील परीक्षकाने प्रात्यक्षिकाचे गुण देण्यापूर्वी ती पाहावी, असे तेथे म्हटले आहे. कार्यशाळेत केलेली कामे, दैनंदिनी, उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षा, प्रगती तक्ता, हजेरी, प्रकल्प यांचा पुरावा म्हणून उल्लेख आहे. म्हणजे पुरावे एकत्र वाचण्याची कल्पना नियमांत आहेच. ते एकत्र कसे वाचायचे, याचे काम मात्र मूल्यमापकाच्या विवेकावर सोडलेले आहे.

बहुतेक ठिकाणी हा विवेक बेरजेपुरता उरतो. संचिकेला गुण, निरीक्षणाला गुण, चाचणीला गुण. तिन्ही मिळवा, भागा आणि रेषेच्या वर की खाली ते पाहा. या पद्धतीत एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणच्या जास्तीच्या गुणांनी भरून निघते. इतिहासाच्या पेपरात ते खपून जाते. विद्युत पुरवठा बंद आहे की नाही हे न तपासता तारेला हात घालण्याची उणीव मात्र सुबक पाइप जोडणीने भरून निघत नाही.

तीन पुरावे, तीन वेगळी उत्तरे

संचिका, निरीक्षण आणि चाचणी ही एकाच गोष्टीची तीन मापे नाहीत. तिघांना विचारण्याचे प्रश्नच निराळे आहेत.

संचिका काळ आणि विविधता दाखवते. दोन वर्षांत प्रशिक्षणार्थ्याने किती प्रकारची कामे केली, चुका कुठे झाल्या, पुढच्या कामात त्या सुधारल्या का, हे तिच्यातून कळते. तीन तासांच्या परीक्षेत ते दिसणे शक्य नाही. पण ती झालेले काम दाखवते, काम होत असताना दाखवत नाही. ते काम खरोखर त्यानेच केले का, याचीही ती स्वतःहून खात्री देत नाही.

निरीक्षण कृती दाखवते. हात कोणत्या क्रमाने चालले, आधी काय तपासले, अडचण आली तेव्हा काय केले, हे केवळ समोर उभे राहूनच कळते. त्याची मर्यादा अशी की ते एका दिवसाचे, एका जागेचे आणि एका कामाचे असते. शिवाय कोणी पाहत आहे हे ठाऊक असल्याने माणूस अधिक सावध किंवा अधिक घाबरलेला असू शकतो.

चाचणी ज्ञानाचा विस्तार दाखवते. जी परिस्थिती कार्यशाळेत उभी करता येत नाही, तिच्याविषयी चाचणीत विचारता येते. परंतु योग्य पर्यायावर खूण करणे आणि योग्य कृती करणे यांत अंतर असते. अमेरिकेतील वैद्यकशिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये हे अंतर चार पायऱ्यांत मांडले : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी चाचणी पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. निरीक्षण तिसरीवर असते. चौथीची झलक मिळालीच तर कामाच्या ठिकाणच्या, खातरजमा झालेल्या नोंदींतून, म्हणजे चांगल्या संचिकेतून मिळते.

सागरचे प्रात्यक्षिक

आता उदाहरण पाहू. सागर निपाणीचा. त्याला दिलेले काम असे : जिन्यातील एक दिवा वर आणि खाली अशा दोन ठिकाणांहून चालू-बंद करता येईल अशी जोडणी करायची, एक सॉकेट बसवायचे, सर्व चाचण्या करून परवानगी घेऊन पुरवठा सुरू करायचा. फलकावर एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवलेली आहे. वेळ तीन तास.

या कामासाठी सात निकष आधीच सांगितलेले आहेत. पहिला, आकृती वाचून साहित्याची यादी करणे. दुसरा, पुरवठा तोडणे, तो कोणी पुन्हा जोडणार नाही अशी व्यवस्था करणे आणि तो खरोखर बंद असल्याची खात्री करणे. तिसरा, योग्य जाडीची तार निवडणे : दिव्यासाठी १.५ आणि सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटर तांबे. चौथा, फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी तार वापरून घट्ट जोडणी करणे. पाचवा, स्विच फेजवरच असणे. सहावा, पुरवठा देण्यापूर्वीच्या चाचण्या करणे व नोंदवणे. सातवा, काम संपल्यावर जागा साफ करून कचरा योग्य ठिकाणी टाकणे. यांपैकी दुसरा आणि पाचवा हे निर्णायक निकष आहेत. ते पूर्ण झाले नाहीत तर इतर कितीही चांगले असले तरी निर्णय ‘सक्षम’ असा होणार नाही. ही गोष्ट प्रशिक्षणार्थ्याला कामाला हात लावण्यापूर्वी सांगितलेली असते. मागाहून निर्णायक ठरवलेला निकष हा न्याय नव्हे.

सागरने आकृती नीट वाचली. तारा अचूक निवडल्या, पाइप सरळ बसवले, टोके घट्ट आवळली. दोन तासांनंतर मेगरने ५०० व्होल्टवर विद्युतरोधाची चाचणी केली, अर्थिंगची अखंडता तपासली, नोंद केली आणि परवानगी मागितली. पुरवठा सुरू झाला. दिवा लागला, पण खालच्या स्विचच्या एका स्थितीत वरचा स्विच निकामी ठरत होता. दोन स्विचांमधल्या जोडतारांपैकी एक चुकीच्या टोकाला गेली होती. दुमार्गी जोडणीत ही चूक नेहमीची; तिच्यामुळे कोणी नापास होत नाही.

पुढचे पाऊल महत्त्वाचे ठरले. सागरने एमसीबी खाली केली नाही. त्याने खिशातला निऑन टेस्टर काढला, एका टोकाला लावला, उजेड दिसला नाही म्हणून स्विचची पट्टी उघडून तार सोडवायला सुरुवात केली. मूल्यमापकाने त्याच क्षणी काम थांबवले. प्रशिक्षणार्थ्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका दिसताच थांबवणे हे मूल्यमापकाचे कर्तव्यच असते. पुढे काय करतो ते पाहू, असे म्हणण्याची मुभा त्याला नाही.

निऑन टेस्टरचा दिवा न लागणे म्हणजे प्रवाह नाही, असे होत नाही. हा टेस्टर धरणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर चालतो. कोरड्या लाकडी पाटावर किंवा जाड रबरी तळव्यांच्या बुटांत उभे असताना त्याचा उजेड अगदी मंद होतो. टेस्टरच बिघडला असेल तर तो मुळीच लागत नाही. म्हणून रीत अशी की दोन टोकांचे व्होल्टमापक आधी चालू असल्याचे ठाऊक असलेल्या ठिकाणी तपासायचे, मग बंद केलेल्या ठिकाणी, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी. आरसीसीबी बसवली आहे, हा दिलासाही अपुराच. ती जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखते; माणसाचा एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर तिला ते घरातल्या उपकरणासारखेच वाटते.

तक्ता : एका ओळीत एक निकष

तीन पुरावे जोडताना उपयोगी पडते ती साधी तक्त्याची पद्धत. उभ्या रकान्यांत संचिका, निरीक्षण आणि चाचणी. आडव्या ओळींत सात निकष. प्रत्येक घरात गुण लिहायचे नाहीत. चारपैकी एक नोंद करायची : पुरावा पुरेसा, पुरावा अपुरा, पुरावा विरोधी, किंवा हा पुरावा या निकषाला लागू नाही. नंतर तक्ता आडवा वाचायचा, उभा नाही. उभा वाचला की पुन्हा संचिकेची बेरीज, निरीक्षणाची बेरीज असे होते. आडवा वाचला की प्रश्न होतो : हा एक निकष पूर्ण झाल्याचे तिन्ही पुरावे मिळून सांगतात का?

सागरच्या तक्त्यातील पहिली, तिसरी व चौथी ओळ सहज सुटली. संचिका आणि निरीक्षण एकच सांगत होते आणि चाचणीतील उत्तरे त्याला धरून होती. सातव्या ओळीत काम थांबवल्यामुळे निरीक्षण अपुरे राहिले. पण दोन वर्षांच्या दैनंदिनीत निदेशकाच्या स्वाक्षरीसह तशा नोंदी अनेकदा होत्या. हा निर्णायक निकष नसल्याने तेवढा पुरावा पुरेसा मानता आला.

पाचव्या ओळीने संचिकेची मर्यादा दाखवली. संचिकेत वसतिगृहातील एका खोलीच्या जोडणीचे छायाचित्र होते. दिवा लागलेला होता. परंतु स्विच चुकून न्यूट्रलवर बसवला तरी दिवा तसाच लागतो आणि तसाच विझतो. फरक एवढाच की दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये फेज राहतो, आणि बल्ब बदलायला गेलेल्याला तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून लागलेल्या दिव्याचे छायाचित्र या निकषाचा पुरावा होऊच शकत नाही. येथे निरीक्षणाने प्रश्न मिटवला : सागरने लाल तार स्विचकडे आणि काळी सरळ होल्डरकडे नेली होती. निकष पूर्ण.

सहाव्या ओळीत शंका निघाली. संचिकेतील एका चाचणी अहवालात सहाही मंडलांच्या विद्युतरोधाचा आकडा एकच होता : २०० मेगओहम. एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवले की काय, असे वाटण्यासारखी ही नोंद. अशा वेळी शंका मनात ठेवून गुण कापणे हा सोपा मार्ग, आणि चुकीचाही. मूल्यमापकाने सागरला विचारले. संस्थेतील मेगर २०० मेगओहमपर्यंतच मोजतो आणि नव्या, कोरड्या तारांत रोध त्याहून जास्त असतो, असे त्याने सांगितले. उपकरण मागवून ते तिथल्या तिथे पडताळता आले. नोंद खरी होती, लिहिण्याची रीत चुकली होती. ‘२००हून अधिक’ असे लिहायला हवे होते. मात्र परीक्षेच्या दिवशी त्याने जोडणीची तपासणी स्विचांच्या एकाच स्थितीत केली होती. चारही स्थिती तपासल्या असत्या तर चुकलेली तार पुरवठा देण्यापूर्वीच सापडली असती. म्हणून ही ओळ ‘अपुरा’ अशी राहिली.

दुसऱ्या ओळीत तिन्ही पुराव्यांचे म्हणणे वेगवेगळे होते. चाचणीत पुरवठा तोडण्याच्या क्रमावरील प्रश्नाचे उत्तर अचूक. संचिकेत ‘पुरवठा बंद करून काम केले’ अशा नोंदी. निरीक्षणात नेमके उलट.

विरोध आला तर सरासरी नको

पुरावे परस्परविरोधी निघाले की मूल्यमापकाने मध्यबिंदू शोधायचा नसतो, कारण शोधायचे असते. येथे तोंडी प्रश्नोत्तर कामी आले. वसतिगृहातील कामाच्या वेळी मुख्य स्विच कोणी बंद केला, असे विचारल्यावर सागरने प्रांजळपणे सांगितले की ते काम प्रत्येक वेळी पर्यवेक्षक करीत. त्याच्या नोंदी खोट्या नव्हत्या. पुरवठा बंद होता, पण तो त्याने बंद केला नव्हता. कार्यशाळेतही सरावाचे फलक बहुधा निदेशकच चालू-बंद करीत. म्हणजे दोन वर्षांत त्याला उत्तर पाठ झाले, पण ती कृती स्वतःच्या जबाबदारीवर करण्याची वेळच आली नाही. चाचणीतील अचूक उत्तर आणि प्रात्यक्षिकातील घोडचूक यांच्यातला विरोध असा उलगडला. उणीव ज्ञानाची नव्हती, सवयीची होती, आणि तिचा अर्धा भाग प्रशिक्षणाच्या रचनेत होता.

तरीही निर्णय बदलत नाही. कारण कळले म्हणून सक्षमता सिद्ध होत नाही. निर्णायक निकषावर थेट निरीक्षणातील पुरावा विरोधी आहे आणि तो खोडून काढणारा तितक्याच ताकदीचा दुसरा पुरावा नाही. सात निकषांपैकी पाच पूर्ण, एक अपुरा, एक विरोधी. एकंदर निर्णय : अद्याप सक्षम नाही.

प्रात्यक्षिकातील ७८ गुण आले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. गुणपत्रकात सुरक्षिततेला १५ गुण होते. त्यांपैकी सागरला चार मिळाले. उरलेल्या ८५ पैकी ७४. बेरीज ७८, म्हणजे उत्तीर्णतेच्या रेषेच्या बरीच वर. पण महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमात गुणांच्या श्रेणींचे जे वर्णन आहे, त्यात ६० ते ७५ या पहिल्या पायरीवरदेखील सुरक्षिततेच्या रीतींची जाण अपेक्षिलेली आहे. सुरक्षितता हा वेगळा तुकडा नसून कोणत्याही श्रेणीत बसण्याची ती अट आहे. त्या वर्णनाशी प्रामाणिक राहायचे तर चालू फलकात हात घालणाऱ्याला ७५ ते ९० च्या श्रेणीत बसवताच येणार नाही. चूक नियमात कमी आणि वर्णन न वाचता बेरीज करण्याच्या सवयीत जास्त आहे.

शेरा कसा लिहावा

‘अद्याप सक्षम नाही’ हा शब्दप्रयोग सक्षमताधारित प्रशिक्षणाचा. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय प्रशिक्षणात तो रूढ झाला. तेथे पुराव्याचे चार नियम मानले जातात : पुरावा निकषाशी सुसंगत हवा, पुरेसा हवा, त्याच व्यक्तीचा हवा आणि अलीकडचा हवा. या निर्णयात ‘अद्याप’ हा शब्द शोभेचा नाही. काय सिद्ध झाले, काय राहिले आणि ते कसे सिद्ध करायचे, हे सांगितले तरच त्याला अर्थ येतो. नाहीतर तो ‘नापास’चाच सौम्य पर्याय ठरतो.

म्हणून शेऱ्यात विशेषणे नकोत, घडलेली गोष्ट हवी. ‘सुरक्षिततेबाबत निष्काळजी’ असे लिहिले तर तो माणसावरचा शिक्का झाला. त्याऐवजी नोंद अशी असावी : ‘दोष शोधताना एमसीबी चालू असताना स्विचची पट्टी उघडली; प्रवाह नसल्याची खात्री केवळ निऑन टेस्टरने केली; टेस्टर आधी व नंतर चालू ठिकाणी तपासला नाही. या टप्प्यावर काम थांबवण्यात आले.’ त्याखाली पूर्ण झालेले पाच निकष. मग पुढची वाट : तीन वेगवेगळ्या फलकांवर पुरवठा तोडण्याची, कुलूप लावण्याची आणि तपासण्याची संपूर्ण कृती स्वतः करणे, प्रत्येक वेळी निदेशकाने पाहून स्वाक्षरी करणे, आणि त्यानंतर फेरमूल्यमापन. शेवटी तारीख, मूल्यमापकाची सही आणि निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागायची याची माहिती.

फेरमूल्यमापन सातही निकषांचे करण्याचे कारण नाही; दुसऱ्या व सहाव्या निकषाचे पुरे. मात्र ते सुटे करून घेता येत नाही. ‘पुरवठा तोडून दाखव’ असे म्हटल्यावर कोणीही तोडून दाखवील. खरी कसोटी आहे ती कामात मग्न असताना, दोष अचानक समोर आल्यावर हात आधी कुठे जातो याची. म्हणून दुसरे एखादे, आधी न केलेले काम द्यावे, त्यात एक दोष मुद्दाम ठेवावा आणि शक्य असेल तर मूल्यमापक वेगळा असावा.

उलट बाजूची चूक

पुरावे आडवे वाचण्याचा उपयोग केवळ रोखण्यासाठी नाही. अन्यायाने रोखलेल्याला सोडवण्यासाठीही तो होतो. समजा सागरच्याच तुकडीतील दुसऱ्या एका मुलाने तेच काम निर्दोष केले, प्रत्येक पाऊल रीतीने टाकले; पण लेखी चाचणीत ५० पैकी १४ गुण मिळाले. दहावीपर्यंतचे त्याचे शिक्षण मराठीत आणि चाचणी इंग्रजीत. त्याला विजेचे ज्ञान नाही की प्रश्नच कळला नाही, हे त्या १४ गुणांवरून ठरत नाही. कामाच्या फलकासमोर उभे राहून त्याला कळणाऱ्या भाषेत विचारले आणि त्याने कारणांसह उत्तरे दिली, तर संस्थेच्या पातळीवर ज्ञानाचा पुरावा पुरेसा मानता येतो. अर्थात ही उत्तरे लिहून ठेवावी लागतात. ‘तोंडी विचारले, ठीक’ एवढी नोंद कोणत्याही पडताळणीत टिकत नाही.

येथे मर्यादाही स्पष्ट आहे. संस्थेचा असा निर्णय अखिल भारतीय परीक्षेतील ३३ टक्क्यांची अट बदलू शकत नाही. १४ गुण म्हणजे २८ टक्के. त्या पेपरला हा मुलगा पुन्हा बसणारच. पण त्याची तयारी कशाची करून घ्यायची, विजेची की प्रश्नपत्रिकेच्या भाषेची, हे संस्थेला निश्चित कळते.

निर्णय बिघडल्याच्या खुणा

एखाद्या संस्थेत हे मूल्यमापन केवळ कागदावर चालले आहे का, हे ओळखण्यास बाहेरच्या माणसालाही फार वेळ लागत नाही. निरीक्षणपत्रावर फक्त बरोबरच्या खुणा असतील आणि एकही वाक्य नसेल, तर बहुधा कोणी पाहिलेलेच नाही. वेगवेगळ्या संचिकांत एकच छायाचित्र असेल, तर काम एकाचे आणि पुरावा सगळ्यांचा आहे. तुकडीतील सर्वांचे गुण एक-दोन गुणांच्या फरकात असतील, तर माप माणसांचे झालेले नाही. वर्षानुवर्षे कोणीच ‘अद्याप सक्षम नाही’ ठरत नसेल, तर प्रशिक्षण अपवादात्मक चांगले आहे किंवा निर्णय घेतलाच जात नाही. यांपैकी दुसरी शक्यता अधिक.

निकालाच्या टक्केवारीवर संस्थेची पत आणि नोकरीच्या भरतीवर तिचा लौकिक अवलंबून असल्याने निदेशकावर दबाव असतो, हे खरे. त्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे दोघांनी स्वतंत्रपणे तक्ता भरणे आणि फक्त जिथे नोंदी जुळत नाहीत त्या ओळींवर बोलणे. सात ओळींपैकी एक-दोनच अशा निघतात, आणि खरा निर्णय त्याच ओळींत दडलेला असतो.

सागरच्या बाबतीत ती ओळ दुसरी होती. त्याचे प्रमाणपत्र काही आठवड्यांनी लांबेल. परंतु प्रमाणपत्र हाती आल्यावर तो ज्या घरात पहिल्यांदा एकटा जाईल, तेथे मुख्य स्विच बंद करायला पर्यवेक्षक नसेल.